टोमॅटोचं आणि बदामाचं साल

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय टोमॅटो आणि बदाम सोलण्याबद्दल. सुरी घेऊन टोमॅटो सोलायला बसलं की सालाबरोबर निम्मा गर जातो, हे तुम्हाला माहीत आहेच. बदाम सोलताना तर नखंच दुखतात. त्यावर ब्लांचिंग नावाचा उपाय आहे. उकळत्या पाण्यातून काढायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं. एवढंच. उकळतं पाणी, मग गार पाणी. पण ते किती वेळ ठेवायचं आणि मुळात कुणाचं साल काढायचं, हे मला शिकवलं एका आचाऱ्यानं.

बेळगावातल्या शहापुरात आमच्या शेजारी लग्न होतं. ऐन मे महिना. घरातल्या आत्याबाईंची हौस अशी की वऱ्हाडाला पेढे नकोत, कुंदा तर रोजचाच, आपण बदामाची बर्फी वाटायची. दोन किलो बदाम आणले. रात्री भिजत घालायचे ठरलं होतं, आणि मेंदीच्या गडबडीत ते पिशवीतच राहिले. पहाटे आचारी आले, निपाणीकडचे. आत्याबाईंचा चेहरा पडलेला. आचारी म्हणाले, "भिजवला न्हाईसा? बरं झालं की! गरम पाणी ठेवा, अक्का."

त्यांनी मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी खळखळून उकळवलं. शेजारी माठातलं गार पाणी घमेल्यात भरून ठेवलं. टाकीचं पाणी त्यांनी घेतलं नाही, कारण मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीइतकं गरम असतं, आणि गरम पाण्यात टाकले तर बदाम शिजतच राहतात. मग अर्धा किलो बदाम जाळीच्या चाळणीत घालून उकळत्या पाण्यात बुडवले. एक मिनिट. चाळणी उचलली आणि थेट घमेल्यात. एक मिनिट, हे लक्षात ठेवा. सगळे दोन किलो एकदम का नाही घातले, असं मी विचारलं. म्हणाले, "एवढं घातलं की पाणी थंड पडतंय, मग मिनिटाचं पाच मिनिट हुतंय."

मग पोरांना बसवलं. बदामाचं साल सुटून सुरकुतलेलं असतं. जाड बाजू चिमटीत धरून दाबली की पांढरा बदाम टोकाकडनं सटकन बाहेर येतो. आणि येतो म्हणजे कसा, गोटीसारखा उडतो. एक बदाम नवरदेवाच्या मामांच्या चष्म्यावर बसला. मामा नुकतेच आले होते, मानपान व्हायचा होता, सगळं घर गप्प झालं. मामांनी तो उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "जरा कच्चाच हाय."

पुढची गंमत दुसऱ्या घाण्याला. आचारी चहा घ्यायला गेले आणि आत्याबाई म्हणाल्या, जास्त वेळ ठेवले तर सालं आपोआप गळतील. ठेवले पाच-सहा मिनिटं. सालं सुटली खरी, पण बदाम पाणी पिऊन मऊ झाले. आचाऱ्यांनी एक हातात घेऊन मोडून दाखवला. कटकन मोडायला हवा होता, तो नुसता वाकला. ते बदाम त्यांनी वेगळे ठेवले. बाकीचे धोतरावर पसरून गच्चीवर चांगले दोन-तीन तास वाळवले आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले, म्हणजे तेल सुटत नाही. त्यांची पावडर मोकळी झाली. मऊ घाण्याचा मात्र लगदा झाला, पात्याला चिकटला. त्याचीही बर्फी केली त्यांनी, पण पाणी आटेपर्यंत कढईपाशी परतत बसावं लागलं आणि रंग पिवळट आला. ती घरच्या माणसांना.

उकळतं पाणी तसंच होतं. आत्याबाईंनी लगोलग साराचे टोमॅटो त्यात सोडायला घेतले. आचाऱ्यांनी हात धरला. "साराला कशाला, अक्का? उकडून गाळूनच घेणार की! चटणीचं तेवढं काढा."

श्रोतेहो, सगळं शहाणपण या एका वाक्यात आहे. जे गाळायचं आहे, त्याचं साल काढू नका. सार, गाळलेलं सूप यांत चाळणीच तुमचं काम करते. कोशिंबिरीत, आमटीत, भाजीत साल राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण टोमॅटोची गोड चटणी, केचप, घट्ट रस्सा, जे आटवायचं आणि गाळायचं नाही, तिथं साल काढाच. शिजताना गर विरघळतो, साल विरघळत नाही. त्याच्या बारीक सुरळ्या होतात आणि दातात येतात. मिक्सरनं सुरळ्यांचे कण होतील, पण ते जातील कुठे?

आता टोमॅटोची रीत. देठाच्या उलट बाजूला, म्हणजे तळाला, सुरीनं हलकी फुली मारायची. फक्त साल चिरलं पाहिजे, गर नाही. उकळत्या पाण्यात चार-पाचच टोमॅटो सोडायचे. पिकलेला असेल तर वीस-तीस सेकंद, कडक असेल तर मिनिटभर. फुलीची टोकं उलटायला लागली की झालं, काढायचं. घड्याळापेक्षा फुलीकडे बघा. आणि लगेच गार पाण्यात. सालाच्या खालचा थर उष्णतेनं मऊ पडतो, म्हणून साल सुटतं. जास्त ठेवलात तर तो मऊपणा आत गरात उतरतो, सोलताना बोटाला पिठूळ, बुळबुळीत लागतं आणि गरही सालाबरोबर जातो. साल अडत असेल तर ओढू नका, पुन्हा दहा सेकंद पाण्यात धरा.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. त्यामुळे इथं पाणी शंभर नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. या कामाला त्यानं फरक पडत नाही. पाणी खळखळतंय ना, बास. बाजारातल्या लांबट, जाड सालीच्या टोमॅटोचं साल एका झटक्यात निघतं. गावठी आंबट टोमॅटोचं पातळ असतं, तुकड्यातुकड्यानं येतं. पण चवीला गावठीच, यावर माझ्याशी वाद घालू नका.

बदामाचंही तेच गणित. साल तुरट आणि तपकिरी, म्हणून बर्फी, बदाम दूध, पांढरा रस्सा, जिथं रंग आणि मऊपणा हवा तिथं ते काढायचं. चिवड्यात, लाडवात, गोकाकच्या करदंटात काढायचं कारण नाही. तिथं गूळ आणि डिंकापुढे सालाचा तुरटपणा कळतही नाही, आणि सालातला चोथा पोटाला चांगलाच.

पोरांना सकाळी चार-पाच बदाम द्यायचे असतील तर पातेलं-चाळणी काही काढू नका. रात्री वाटीभर पाण्यात टाका. विसरलात तर चहाचं आधण उकळलं की त्यातलं थोडं वाटीत बदामांवर ओता, मिनिटभरानं गार पाण्यात टाका आणि सोला. सोललेले बदाम जास्त झाले तर ओले डब्यात भरू नका, बुरशी धरते. पुसून, पूर्ण वाळवून मगच झाकण लावा.