आमच्या काउंटरवरचा कोड आणि बोलणारा डबा

नमस्कार श्रोतेहो. मी वाईचा एक किराणा दुकानदार. गेली तीस-पस्तीस वर्षं तुमच्यातल्या अनेकांच्या घरी आमच्याकडचा गूळ, शेंगदाणे आणि तूरडाळ जातेय. वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानात एक पाटी आहे, ‘आज रोख, उद्या उधार’. पाटीखाली बसून वडील उधारीची वही लिहायचे, तेव्हा पाटीचा अर्थ कुणी फार मनावर घेतला नाही. आता त्याच पाटीखाली आम्ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलाय, आणि शेजारी एक छोटा डबा ठेवलाय. पैसे आले की तो डबा मराठीत बोलतो. म्हणजे तुम्ही आता मोबाइलवरून, यूपीआयने पैसे देऊ शकता.

यूपीआय देशात 2016 साली आलं आणि आम्ही आत्ता घेतोय, याला कारण मीच. मला वाटायचं, आपली निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, कशाला त्यांना त्रास. पण सुट्ट्या पैशांनी जीव नकोसा केला. तीन रुपयांऐवजी गोळ्या हातावर ठेवायच्या आणि समोर मधुमेही आजोबा! म्हणून घेतलं. रोख बंद केलेली नाही, करणारही नाही. ज्यांना नोटा मोजून देण्यातच बरं वाटतं, त्यांनी तसंच द्यावं.

ज्यांना शिकायचंय, त्यांच्याशी आज बोलतो. कोड स्कॅन करणं अवघड नाही, ते नातवंडं चुटकीसरशी दाखवतात. लोक अडतात ते त्याच्या आधी, फोन बँकेला जोडताना.

बँकेत तुम्ही जो मोबाइल नंबर दिलाय, त्याच नंबरचं सिम तुमच्या फोनमध्ये पाहिजे. कित्येकांचा बँकेतला नंबर मुलाचा असतो, नाहीतर दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला. मग काही केल्या जोडणी होत नाही, आणि माणूस म्हणतो माझा फोन खराब आहे. फोन चांगला असतो. बँकेत जाऊन आधी नंबर बदलून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट, जोडणी करताना भीम म्हणा, फोन पे म्हणा, कुठलंही अॅप तुमच्या फोनवरून बँकेकडे आपोआप एक एसएमएस पाठवतं. रिचार्ज संपलेला असेल तर तो एसएमएस जातच नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दोन दिवस खटपट केली, आणि शेवटी निघालं काय, तर त्यांचा रिचार्ज संपला होता. येणारे फोन तेवढे चालू होते. फोनमध्ये दोन सिम असतील तर अॅप विचारतं कुठलं सिम, तिथे बँकेतल्या नंबरचंच निवडायचं.

मग पिन तयार करायचा. एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड संपायचा महिना व वर्ष टाकलं, की बँकेकडून ओटीपी येतो, आणि मग तुम्ही स्वतः चार किंवा सहा आकड्यांचा पिन ठरवता. कार्ड नसेल तर पुष्कळ बँकांत आधार क्रमांकावरूनही हे होतं, फक्त आधारला तोच मोबाइल जोडलेला हवा.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तुमच्याकडे आता चार वेगवेगळे आकडे झाले. फोन उघडायचा एक. एटीएमच्या मशीनमध्ये टाकायचा एक. हा नवा, यूपीआयचा पिन. आणि ओटीपी, जो दर वेळी नवा येतो आणि थोड्या वेळात शिळा होतो. दुकानात पैसे देताना यातला एकच लागतो, यूपीआयचा पिन. काही अॅप उघडतानाच फोनचं कुलूप विचारतात, तिथे लोक यूपीआयचा पिन टाकून बघतात आणि मग पुढे एटीएमचा टाकतात. पुन्हा पुन्हा चुकला की बँक काही वेळ व्यवहार थांबवते. त्यामुळे दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा अंदाजाने टाकू नका, फोन खिशात ठेवा, रोख द्या, आणि घरी जाऊन शांतपणे बघा. आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवू नका. जन्मसाल तर नकोच, ते गल्लीत सगळ्यांना पाठ असतं.

आता प्रत्यक्ष काउंटरवर या. समजा एका काकूंनी एक किलो तूरडाळ घेतली 140 रुपयांची, दोन किलो साखर 90 रुपयांची, अर्धा किलो शेंगदाणे 70 चे आणि पाव किलो चहा 112 चा. झाले 412 रुपये. काकूंनी अॅप उघडलं, स्कॅनचं चिन्ह दाबलं आणि फोन आमच्या चौकोनासमोर वीतभर अंतरावर धरला. फार जवळ नेला तर कॅमेऱ्याला धूसर दिसतं. क्षणात पडद्यावर नाव येतं. ते नाव वाचायचं. दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव असलं तरी पडद्यावर खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं येईल, आमच्याकडे माझं येतं. वेगळंच काही दिसलं तर मला विचारा. कारण रात्री कुणी येऊन आमच्या चौकोनावर स्वतःचा चौकोन चिकटवून जातो, असे प्रकार ठिकठिकाणी झालेत. म्हणून मी रोज सकाळी उदबत्ती लावल्यावर माझ्याच फोनने आमचा कोड एकदा बघून घेतो, नाव बरोबर येतंय ना.

मग रक्कम. काकूंनी 412 लिहिलं, आणि पावतीवर लिहितात तसे पुढे पैशांचे दोन शून्य दिले. मध्ये टिंब काही पडलं नाही. झाले 41,200! नवशिक्यांच्या हातून हे होतंच. पण अजून काही बिघडलेलं नसतं. पुढे जाऊन जिथे पिन मागतात, त्या पडद्यावर वरती रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. चष्मा लावून तिथे एकदा बघायचं. चुकलं असेल तर पिन न टाकता मागे यायचं. पिन टाकेपर्यंत खात्यातून एक पैसाही जात नाही. काकू मागे आल्या, नुसतं 412 लिहिलं, पिन टाकला. तुम्ही पिन टाकता तेव्हा मी मुद्दाम फडताळाकडे तोंड करून उभा राहतो, त्याला उद्धटपणा समजू नका.

आणि मग डबा बोलतो, चारशे बारा रुपये मिळाले. तो बोलला की व्यवहार संपला. तुम्ही फोनवर हिरवी खूण दाखवलीत तरी मी डब्याची वाट बघतो, याचा राग मानू नका. खोटी हिरवी खूण दाखवणारी अॅप निघाली आहेत, आणि गर्दीच्या वेळी मला कुणाच्याही फोनवरचं चित्र तपासता येत नाही.

आता डबा बोललाच नाही, पण काकूंच्या फोनवर बँकेचा एसएमएस आला की 412 वजा झाले, तर? काकू घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे द्यायला बघतात. तसं करायचं नाही. आधी अॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत बघायचं. तिथे यशस्वी, अयशस्वी किंवा प्रलंबित, असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रलंबित असेल तर पैसे वाटेत अडकलेत. त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आम्ही वहीत टिपून घेतो आणि सामान तुम्ही घरी न्यायचं. बघा, वही शेवटी उपयोगाला आलीच! पुढे एक तर पैसे आमच्याकडे पोचतात, नाहीतर तुमच्या खात्यात परत येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की दुकानदाराला पैसे मिळाले नसतील तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची. म्हणजे धावाधाव नको, पण पाच दिवस झाले तरी काही हललं नाही, तर तोच बारा आकडी क्रमांक घेऊन बँकेत जायचं.

तुमच्या खात्यातून असे पैसे दिल्याबद्दल तुम्हाला जादा काही लागत नाही. कुणी दुकानदार ऑनलाइनचे दोन रुपये जादा म्हणाला, तर देऊ नका.

पिनचीच कटकट वाटत असेल, तर यूपीआय लाइट नावाची सोय अॅपमध्ये आहे. खात्यातले थोडे पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे, जास्तीत जास्त 5,000. एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतची खरेदी त्यातून बिनापिनाची होते. माझं मत विचाराल, तर त्यात पाचशे-सातशेच ठेवा. फोन उघडा सापडला तर ते पैसे वाचवायला पिन मध्ये नसतो. वयस्क माणसांसाठी मला त्याहून बरं वाटतं ते यूपीआय सर्कल. मुलगा किंवा सून आपल्या खात्याशी तुम्हाला जोडून घेतात. मग एक तर तुम्ही कोड स्कॅन केलात की त्यांच्या फोनवर विचारणा जाते आणि ते मंजुरी देतात, नाहीतर ते महिन्याला 15,000 पर्यंतची एक मर्यादा घालून देतात आणि तेवढ्यात तुम्ही परस्पर खर्च करू शकता. पहिल्या पद्धतीत एक अडचण आहे. पुण्यातला मुलगा मीटिंगमध्ये असला, की आजोबा इकडे पिशवी धरून ताटकळतात. हे सगळ्याच अॅपमध्ये नाही, मुलांना आधी बघायला सांगा.

एक शेवटचं, आणि हे मात्र कागदावर लिहून फोनमागे चिकटवा. पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच नाही. घेण्यासाठी कोड स्कॅनही करावा लागत नाही. उद्या कुणी फोन करून म्हणाला, मी किराणा दुकानातून बोलतोय, तुमचे दोनशे रुपये जादा आलेत, परत पाठवतो, जरा पिन टाका, तर तो मी नाही. जादा आलेले मी काउंटरवर हातात देईन. चुकून टाकलात आणि पैसे गेले, तर लाजून घरी बसू नका. लगेच 1930 या नंबरला फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जायच्या आत रोखले जाण्याची शक्यता जास्त.

साध्या बटणांचा फोन असेल तर *99# लावूनही यूपीआय चालतं, पण त्यात इतके आकडे दाबावे लागतात, की तेवढ्यात मी तुमचं सामान घरी पोचवून येईन. तुम्ही खुशाल रोख द्या.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. शिकायचं असेल तर त्या वेळी या. फोन चार्ज करून आणा, एटीएम कार्ड आणा, पिन मात्र मला सांगू नका. पहिला व्यवहार आपण एक रुपयाचा करू, डबा बोलतो का बघू, आणि तो रुपया मी तुम्हाला तिथल्या तिथे गल्ल्यातून परत देईन. आणि हो, जवळचं वाचायचा चष्मा विसरू नका, लांबचा घालून येता आणि मग माझा मागता.