हुंकार चेहऱ्यानं द्यायचा

नमस्कार मंडळी. आज चेहऱ्याबद्दल बोलायचंय, आणि तोही बोलणाऱ्याच्या नाही, ऐकणाऱ्याच्या. समोरचा काहीतरी सांगतोय, तुम्ही ऐकताय, तेव्हा तुमचे डोळे, भुवया, ओठ काय करत असतात, एवढाच आजचा विषय.

रेडिओवर चेहऱ्याची चर्चा कशाला असं कुणी म्हणेल, पण आमच्या कामात ऐकणाऱ्याचा चेहरा फार महत्त्वाचा असतो. मुलाखत घेताना पाहुणा बोलत असतो आणि आम्हाला तोंडातून आवाज काढता येत नाही, कारण प्रत्येक 'हो का', 'अच्छा', 'हं हं' रेकॉर्डिंगमध्ये पाहुण्याच्या वाक्यावर चढून बसतं आणि मग एडिट करताना काढता येत नाही. म्हणून सगळा हुंकार चेहऱ्यानं द्यायचा असतो. नवीन मुलं येतात, त्यांना हे सांगितलं की ती मान हलवायला लागतात, सतत, एका लयीत, गंभीर प्रसंगालाही तशीच आणि गमतीलाही तशीच. आणि थोड्या वेळानं पाहुणा आटोपतं घेतो. मुलं म्हणतात, अहो पण मी तर मान हलवत होतो, लक्ष देत होतो! लक्ष होतंच. मग बिनसलं कुठे?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग आहे, आणि तो मला इतका आवडतो की जमेल तिथे मी तो सांगतेच, तर आजही सांगणार आणि जरा सावकाश सांगणार.

कॅनडात व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी आहे, तिथे जॅनेट बॅव्हेलस नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, समोरासमोरचं बोलणं हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2000 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-दोन माणसं समोरासमोर बसवली. एकाला सांगितलं, तुमच्या आयुष्यात थोडक्यात बचावलात असा एखादा खरा प्रसंग सांगा. म्हणजे अगदी होणार होतं आणि टळलं, तसला. असे प्रसंग आपल्या सगळ्यांकडे असतात आणि आपण ते चांगले सांगतो, कारण शेवट दमदार असतो. दुसऱ्यानं फक्त ऐकायचं.

आता गंमत पुढे आहे. काही ऐकणाऱ्यांना नुसतं ऐका म्हणून सांगितलं. पण काहींना एक वेगळंच काम दिलं, सांगणाऱ्याच्या तोंडून इंग्रजी 'टी' अक्षरानं सुरू होणारा शब्द आला की दर वेळी बटण दाबायचं. बघा हं, हे काम किती बारकाईचं आहे, इंग्रजीत 'टी'चे शब्द पावलोपावली येतात. म्हणजे ही माणसं पेंगत नव्हती, फोन बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत नव्हती. उलट शब्द अन् शब्द कान देऊन ऐकत होती. फक्त अर्थाकडे लक्ष नव्हतं, अक्षराकडे होतं. आणि सांगणाऱ्याला हे काही माहीत नव्हतं.

झालं काय? पहिलं, ऐकणाऱ्यांचे चेहरे. बॅव्हेलसबाईंनी ऐकणाऱ्याच्या प्रतिसादांचे दोन प्रकार केले होते. एक साधा हुंकार, मान डोलावणं, 'हं', जे कुठल्याही गोष्टीत कुठेही चालतं. दुसरा त्या जागेचा प्रतिसाद, म्हणजे गोष्टीतला माणूस घसरला तिथे तोंड कसनुसं होणं, गाडी समोर आली तिथे भुवया वर जाणं, कधी कधी तर सांगणाऱ्याच्या तोंडचा पुढचा शब्द आपणच पुरवणं. हा प्रतिसाद दुसऱ्या कुठल्या गोष्टीला चालणार नाही, या गोष्टीच्या याच वाक्याला चालेल. तर अक्षरं मोजणाऱ्यांचा साधा हुंकार कमी झाला, आणि त्या जागेचा प्रतिसाद जवळजवळ नाहीसाच झाला.

आणि दुसरं, मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे, की त्यामुळे सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या. गोष्ट त्यांचीच, त्यांच्यावरच घडलेली, पण ती नीट सांगता येईना. आणि नेमका शेवट बिघडला, म्हणजे जिथे दम असायला हवा तिथेच. कुणी अडखळलं, कुणी एकदम तोडून टाकलं, कुणी शेवट एकदा सांगून झाल्यावर परत फिरून तोच सांगायला लागलं, कुणी समजावत बसलं की अहो खरंच फार धोका होता, कारण असं असं होतं. कल्पना करा, तुम्ही जीव मुठीत धरल्याचा प्रसंग सांगताय, समोरचा माणूस तुमच्याकडेच बघतोय, पण ऐन क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काही हललंच नाही. तुम्हाला वाटतं की पोचलं नाही. म्हणून तुम्ही परत सांगता. तरी पोचत नाही, म्हणून समजावता. त्याला कंटाळवाणं बोलणं म्हणतात आणि दोष सांगणाऱ्याला देतात! माझं तर स्पष्ट मत आहे की घरातली म्हातारी माणसं तेच तेच परत सांगतात अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपला चेहरा काय करत होता ते आठवावं. नेहमीच तेच कारण असतं असं नाही, पण असतं.

तर परत सांगते, लक्ष देणं पुरत नाही, अर्थाच्या मागे जावं लागतं. आमची मान हलवणारी मुलं लक्ष देत होती, पण त्यांचं लक्ष मान हलवण्यावर होतं.

आता पुढचा प्रश्न, हा प्रतिसाद द्यायचा कधी? त्याच अभ्यासकांनी 2002 मध्ये तेही पाहिलं, आणि उत्तर डोळ्यांत आहे. ऐकणारा साधारणपणे सांगणाऱ्याकडे बघत असतो. सांगणारा मात्र सारखा आपल्याकडे बघत नाही, तो इकडेतिकडे बघत बोलतो, कारण त्याला आठवायचं असतं, वाक्य जुळवायचं असतं. मधेच तो आपल्याकडे बघतो. नजरानजर होते, ऐकणारा बहुतेक वेळा तेव्हाच मान हलवतो किंवा काहीतरी करतो, आणि तसं झालं की लगेच सांगणारा नजर काढून पुढे जातो. ती नजर म्हणजे एक उघडलेली खिडकी, थोडाच वेळ.

एक उदाहरण घेऊ. मैत्रीण सांगतेय की गर्दीत तिच्या मुलाचा हात सुटला. ती वर बघत आठवतेय, 'आम्ही चाललो होतो, याच्या हातात फुगा, माझ्या हातात दोन पिशव्या', इथे तुम्ही फक्त तिच्याकडे बघत राहा, चेहरा सैल, फार काही करायचं नाही. 'आणि पिशवी सावरायला म्हणून हात सोडला, वळून बघते तर हा नाही.' आता ती तुमच्याकडे बघते. इथे तुमच्या भुवया वर जायला हव्यात, कदाचित श्वास रोखला जाईल, मान हलणार नाही. इथे जर तुम्ही हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावली तर ती थबकेल, किंवा म्हणेल, 'अगं दिसतच नव्हता म्हणजे!' ही खूण ओळखायची. समोरचा तेच वाक्य जरा मोठ्यानं परत म्हणाला की समजा, खिडकी उघडली होती आणि आपण रिकामी सोडली. मग ती सांगते की फुगा दिसला, फुग्याखाली हा उभा, तेव्हा चेहरा सुटेल, हसू येईल, आणि ते हसू डोळ्यांपर्यंत जाईल.

डोळ्यांपर्यंत म्हणजे काय तर फ्रान्समधले डॉक्टर द्युशेन, त्यांनी 1862 मध्ये दाखवलं होतं की आनंदाच्या हसण्यात ओठांची टोकं वर ओढणाऱ्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळतो, गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. फोटोसाठी 'हसा' म्हटल्यावर येतं ते बऱ्याचदा नुसतं ओठांचं. (फोटोत सगळ्यांना हसायलाच लावायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही, जुन्या फोटोंतले शांत चेहरे जास्त बोलतात, पण ते असो.)

भुवयांबद्दल थोडं. कपाळाचा स्नायू भुवया वर उचलतो, आणि नाकाच्या मुळाशी दोन छोटे स्नायू आहेत ते भुवया आत-खाली ओढतात, आठी पडते ती त्यांच्यामुळे. चार्ल्स डार्विननं 1872 च्या पुस्तकात या आठीबद्दल लिहिलंय की ती केवळ रागाची नाही, काही अवघड समोर आलं, विचार अडला, की ती येते. म्हणजे तुम्ही मन लावून अवघड गोष्ट ऐकताय आणि समोरच्याला वाटतं तुम्ही चिडलात किंवा तुम्हाला पटत नाहीये. हे फार जणांचं होतं. आठी जबरदस्तीनं दाबू नका, त्यात पुन्हा लक्ष चेहऱ्याकडे जातं. सरळ विचारा, 'थांब, तो आधी कुठे उभा होता?' प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं की आठी विचाराची होती.

आणि भेटताक्षणी भुवया झटकन वर-खाली होतात ना, ती आणखी वेगळी गोष्ट. आयब्ल-आयबेसफेल्ट नावाच्या अभ्यासकांनी कॅमेऱ्याला आरशाची लेन्स लावून, म्हणजे कॅमेरा एकीकडे रोखलेला आणि चित्र बाजूच्या माणसाचं, असं लांबलांबच्या समाजांत चित्रण केलं. ती उचल सेकंदाच्या साधारण सहाव्या भागाएवढी असते. मुद्दाम केली तर रेंगाळते आणि आश्चर्य वाटल्यासारखी दिसते.

नजर किती वेळ ठेवायची हे मला नेहमी विचारतात. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्हिडिओतल्या चेहऱ्यानं आपल्याकडे बघितलेलं सरासरी 3.3 सेकंद बरं वाटतं असं आलं. पण तो व्हिडिओतला, न बोलणारा चेहरा होता, म्हणून तिथे बसून सेकंद मोजू नका, मोजायला लागलात की तुम्ही अक्षरं मोजणाऱ्यांच्या रांगेत गेलात. इंटरव्ह्यूच्या क्लासमध्ये नजर हलवायचीच नाही असं शिकवतात, ते मला चुकीचं वाटतं. बोलताना नजर बाजूला जाणारच, जाऊ द्या. ऐकताना समोर ठेवा. आणि शक्य असेल तर टेबलाच्या कोपऱ्याला बसा, अगदी समोरासमोर नको, म्हणजे नजर काढायला दोघांनाही जागा राहते.

शेवटी एक गोष्ट, ही नक्की लक्षात ठेवा. काही जणांना नजरेला नजर देणंच त्रासाचं होतं, ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांचं असं असतं, आणि ते दुसरीकडे बघूनच चांगलं ऐकतात. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू नीट हलत नाहीत, चेहरा थिजल्यासारखा दिसतो, आणि भेटायला आलेल्यांना वाटतं की यांना आपण आलेलं आवडलं नाही. अशा माणसाशी बोलताना त्याचा चेहरा वाचू नका, त्याला शब्दांत विचारा, उत्तराला वेळ द्या, आणि तुमचा चेहरा मात्र नेहमीसारखाच हलता ठेवा, कारण सांगणारा तोही आहे आणि तोही मधूनमधून तुमच्याकडे बघणार आहे. नमस्कार.