दोन खाटांच्या मधला ग्लुकोमीटर

(जिल्हा पातळीवरच्या परिचारिका प्रशिक्षण वर्गातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

सिस्टर, आज मी शुगर कशी तपासायची ते शिकवणार नाही, ते तुमच्या हातांना झोपेतही येतं. मला बोलायचंय ते एका पेशंटचा आकडा स्क्रीनवर आला तिथपासून मीटर दुसऱ्या पेशंटच्या खाटेवर पोचेपर्यंतच्या वेळाबद्दल. सकाळी नाश्त्याआधी बारा जणांची शुगर काढायची, इन्सुलिन द्यायचं, डॉक्टर राउंडला यायच्या आत फाइलवर लिहायचं. या गडबडीत तो मधला वेळ किती राहतो? मीटर एप्रनला पुसून पुढे, इतकाच.

नेहमीचा प्रश्न असा येतो : मीटर रक्ताला लागतच नाही. रक्त स्ट्रिपच्या टोकाला लागतं, स्ट्रिप फेकून देतो, लॅन्सेट नवीन घेतो, मग मीटर पुसायचं कशाला? म्हणणं रास्त आहे, म्हणून रक्ताचा मार्ग बघू. बोट टोचलं, थेंब स्ट्रिपला लावला, पेशंटने बोट हलवलं, ग्लोव्हजच्या टोकाला पुसटसं रक्त लागलं. त्याच बोटाने तुम्ही स्ट्रिप काढली, बटण दाबलं. आता ते रक्त बटणावर आहे. पुढच्या पेशंटजवळ ग्लोव्हज नवीन, पण नव्या ग्लोव्हजने पहिल्यांदा काय धराल? मीटरच. आणि मग त्याच बोटांनी कापूस धरून टोचलेल्या जागेवर दाबाल. म्हणजे पहिल्याचं रक्त दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर.

हे रक्त डोळ्यांना दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. हिपॅटायटिस बी-चा विषाणू वाळलेल्या रक्तात, खोलीच्या तापमानाला, निदान सात दिवस तग धरतो. काही पेशंटच्या रक्तात तो इतका दाट असतो की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा डागही संसर्गाला पुरतो. एचआयव्ही शरीराबाहेर इतका चिवट नाही, म्हणून या विषयात आपला खरा शत्रू हिपॅटायटिस बी. आणि बहुतेक पेशंटना तो आपल्याला आहे याचा पत्ता नसतो, फाइलवर लाल शेरा कुठून येणार?

एक घडलेली गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वृद्धांच्या एका निवासी केंद्रात २०१०च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आठ जणांना नव्याने हिपॅटायटिस बी झाला. आठहीजणांना रुग्णालयात हलवावं लागलं, त्यांतले सहा दगावले. चौकशीत असं दिसलं की केंद्रातल्या पंधरा जणांची शुगर कर्मचारी तपासत होते, आणि सगळे आजारी त्याच पंधरांतले. ज्या पंचवीस जणांची शुगर तपासली जात नव्हती, त्यांत एकालाही लागण झाली नव्हती. एकाच माणसासाठी असलेलं बोट टोचायचं पेन अनेकांना वापरलं जात होतं, आणि मीटर दोन माणसांच्या मध्ये स्वच्छ केलं जात नव्हतं. मोठा दोष पेनचा, हे खरं. पेनमधली सुई बदलली तरी पेनचं तोंड प्रत्येकाच्या बोटाला टेकतं, तिथे रक्त राहतं. म्हणून वॉर्डात स्प्रिंगचं पेन दोन पेशंटना वापरायचं नाही, टोक बदलूनही नाही. एकदा वापरलं की आपोआप बंद होणारी सेफ्टी लॅन्सेट, नाहीतर जिथे साधी सुईच पुरवठ्यात असेल तिथे प्रत्येकाला नवी निर्जंतुक सुई, आणि वापरली की लगेच सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. टोपण परत लावायचं नाही.

आता मीटर. पहिलं काम, खरेदीच्या वेळचं : खोक्यातलं माहितीपत्रक उघडा. त्यात हे मीटर एकाच माणसासाठी आहे की अनेक पेशंटसाठी, ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे बरेचदा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घरगुती मीटर येतं, स्वस्त पडतं म्हणून. ते घरातल्या एका मधुमेह्यासाठी बनवलेलं असतं, रोज कितीदा तरी जंतुनाशक लावून त्याचं प्लास्टिक आणि बटणं टिकतील की नाही, हे कंपनीने तपासलेलं नसतं. बटणाभोवती भेग पडू शकते आणि ती भेग रक्ताचं घर होते. असं मीटर एका पेशंटला द्या, त्याच्या नावाने त्याच्या लॉकरमध्ये ठेवा. वॉर्डात फिरवायचं तर अनेक पेशंटसाठी असलेलंच मागवा, आणि कुठल्या द्रवाने पुसायचं तेही त्याच पत्रकातून घ्या, माझ्या किंवा इन्चार्ज सिस्टरच्या तोंडून नव्हे.

स्पिरिटचा कापूस? हा तुमचा आवडता. स्पिरिट भराभर उडून जातं, मीटर जेमतेम अर्धा मिनिट ओलं राहतं, शिवाय वाळलेल्या रक्तातली प्रथिनं ते घट्ट चिकटवून टाकतं. हात चोळायला ठीक, सामायिक मीटरला पुरेसं नाही. बहुतेक पत्रकांत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं हायपो, भिजवलेले तयार वाइप्स असतात किंवा क्वाटर्नरी अमोनियमचे. तयार वाइप्स मिळत नसतील आणि पत्रकात हायपो चालत असेल, तर पाच टक्के हायपोचा एक भाग आणि नऊ भाग पाणी मिळून अर्धा टक्का होतो. १०० मिलीला ९०० मिली. बाटलीवर पाच नसून दहा टक्के असेल तर ५० मिलीला ९५० मिली, म्हणून आधी लेबल वाचायचं. द्रावण रोज ताजं, झाकणबंद, उजेडापासून दूर ठेवायचं. उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या हायपोत दुपारपर्यंत फारसा जोर उरत नाही.

पुसणं एक नाही, दोन आहेत. हे सांगून मी दमते. पहिला वाइप सफाईचा, त्याने दिसणारं-न दिसणारं रक्त आणि मळ निघतो, तो टाकायचा. दुसरा, नवा वाइप जंतू मारायचा. दुसऱ्यानंतर मीटर ओलं राहिलं पाहिजे, लेबलवर जितका वेळ लिहिलाय तितका. कुठे एक मिनिट असतं, कुठे दोन, कुठे जास्त. मध्येच वाळलं तर पुन्हा ओलं करायचं. आणि फडक्याने पुसून कोरडं करायचं नाही, वेळ भरेपर्यंत. फॅनखाली ठेवून वाळवणं म्हणजे तेच, केवळ फॅनने केलेलं.

वाइप पिळून ओलसर असावा, टपकणारा नाही. मीटरवर स्प्रे मारायचा नाही, बुडवायचं तर नाहीच. स्ट्रिप घालायचं तोंड खाली धरून पुसा, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. आत शिरलेलं हायपो स्ट्रिपवरच्या रसायनाशी झटापट करतं, आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर इन्सुलिन जातं. वेळ भरल्यावर हायपोचा पांढुरका थर दिसत असेल तर साध्या पाण्याने किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळवा. पुसल्यानंतर आकडे पेशंटच्या लक्षणांशी जुळेनात, एरर येऊ लागली, तर कंट्रोल सोल्युशन लावून बघा. मर्यादेबाहेर गेलं की ते मीटर बाजूला.

आता मुद्द्याची अडचण : वेळ. बारा पेशंट, लेबलवर दोन मिनिटं. एकच मीटर असेल तर फक्त ओलं राहण्याचीच चोवीस मिनिटं. कुणी पाळणार नाही, आणि पाळत नाही म्हणून मी कुणाला दोष देत नाही. उपाय सोपा आहे, मात्र त्याला दुसरं मीटर लागतं, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, म्हणजे स्ट्रिप एकच. पहिल्या खाटेला पहिलं मीटर. आकडा मनात ठेवा. ग्लोव्हज घातलेल्या हाताने लिहायचं पेन धरू नका, ते पेन आणि फाइल हीच रक्ताची पुढची ठिकाणं. लॅन्सेट पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत. हात चोळा, आकडा लिहा. नवे ग्लोव्हज घालून मीटर दोनदा पुसा, स्वच्छ ट्रेवर ओलं ठेवा, ते ग्लोव्हजही काढा, हात चोळा. आणि ट्रेवरचं दुसरं मीटर घेऊन दुसऱ्या खाटेला जा. तिथलं काम आटपेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं, तिसऱ्या खाटेला तेच. तुमच्या वाइपला दहा मिनिटं लागत असतील, तर दोन मीटरचा हिशेब बसत नाही, वाइप बदलून मागवा. ग्लोव्हज दुप्पट लागतात, हे स्टोअरला आधीच सांगून ठेवा.

दोन मीटर ओळखायला चिकटपट्टी लावू नका. 'पुरुष वॉर्ड' असं लिहिलेली पट्टी मी कुठल्याही हॉस्पिटलात गेले की दिसतेच. तिच्या कडेला काळपट मळ जमलेला असतो, तो निघत नाही. अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे नोंदवहीत लिहा. कापडी पाउच, ज्यात मीटर आलं, तो टाकून द्या, कापड निर्जंतुक होत नाही. स्ट्रिपची डबी ट्रॉलीवरच राहू द्या; कोरड्या, स्वच्छ हाताने एक स्ट्रिप काढायची, झाकण लगेच लावायचं, मग ग्लोव्हज. रक्ताळलेल्या ग्लोव्हजने डबीत बोट घातलं की आतल्या सगळ्या स्ट्रिपांना ते लागतं.

तुम्हाला पटावं म्हणून हा खेळ करून बघा. अतिनील दिव्यात चमकणारं जेल मिळतं. ते इन्चार्जने गुपचूप एका मीटरच्या बटणावर लावायचं, राउंड नेहमीसारखा होऊ द्यायचा, आणि नंतर टॉर्च मारायचा. पेनवर, फाइलच्या कोपऱ्यावर, पडद्याच्या कडेवर, सिस्टरच्या मोबाइलवर चमक दिसते. मोबाइलवर दिसली की वर्गात हसू येतं आणि मग एकदम शांतता.

एमआरएसए किंवा क्लॉस्ट्रिडियमच्या जुलाबामुळे वेगळ्या खोलीत असलेल्या पेशंटला स्वतंत्र मीटर द्या. त्या जुलाबाच्या बीजाणूंना स्पिरिट काहीच करत नाही, हायपोच लागतं. आणि इन्सुलिनचं पेन तर कधीच दोघांना नाही, सुई बदलून सुद्धा, कारण आतल्या काडतुसात रक्त मागे शिरू शकतं.

एकच लॅन्सेट किंवा पेन चुकून दोघांना वापरलं गेल्याचं कळलं, तर लपवू नका. लगेच इन्चार्जला आणि संसर्ग नियंत्रण समितीला कळवा, दोन्ही पेशंटच्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या पाठवा. ज्याला धोका आहे त्याने लस घेतलेली नसेल, तर पहिला पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाल्यास लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात, शक्यतो चोवीस तासांत. सात दिवसांनंतर इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग राहील असं गृहीत धरता येत नाही. म्हणून कळवायला उद्याची वाट बघायची नसते. तुमची स्वतःची तिन्ही डोसांची लस झाली असेल, तर शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या. दहा मिली-युनिटपेक्षा कमी आली तर पुन्हा डोस घ्यायचे असतात.