मखर पडवीतच उघडा

नमस्कार मंडळी. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली आहे. मुंबईच्या गाड्यांची तिकिटं कधीच संपली, आणि गावागावांत बंद घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांच्या खुंटीवरून खाली उतरू लागल्या आहेत. मी तीस वर्षं परिचारिकेचं काम केलं, आता देवगड तालुक्यात घरीच असते. आज दम्याच्या माणसाबद्दल बोलणार आहे. ज्याला सगळे म्हणतात, "तू बाहेर बस रे, तुका त्रास होता," आणि जो आरतीच्या वेळी पडवीच्या पायरीवर एकटा बसलेला असतो, त्याच्याबद्दल.

गोष्ट आमच्याच घरची आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा, नऊ वर्षांचा, याला दमा. चार वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे मुंबईहून आले. पुतण्याने उत्साहात माळ्यावरून मखर खाली काढलं. लाकडी चौकट, मखमलीचा पडदा, कागदी फुलांच्या माळा, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात. माजघरातच खोकं उघडलं, पडदा झटकला, फुलं फुंकरीने साफ केली. रात्री अकराला पोराला छातीत घरघर सुरू झाली. सासूबाई विचारत्या झाल्या, "काय झाला गो ह्याका?" आणि सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं: फुलं! फुलांचे पराग!

पुढच्या वर्षी घरात फूल आलं नाही. गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला तेरडा नाही, हरण नाही, झेंडू नाही. सासूबाई चार दिवस रुसून होत्या. आणि पोराला श्वास लागला तो लागलाच.

फुलांवर आळ घेणं सोपं असतं, कारण ती दिसतात. पण रंगीबेरंगी फुलं परागासाठी किड्या-मुंग्यांना, मधमाश्यांना बोलावतात. त्यांचा पराग जड, चिकट असतो, तो वाऱ्यावर फारसा उडत नाही. हवेतून नाकात जाणारा पराग बहुतेक करून वाऱ्यावर सोडून देणाऱ्या झाडांचा, आणि त्यात गवतांचा वाटा मोठा. आता गंमत पाहा. गणपतीला आपण हमखास वाहतो ती दूर्वा म्हणजे गवतच, आणि तिचा पराग दमा-सर्दीवाल्यांना बाधणाऱ्या परागांपैकी एक नावाजलेला पराग आहे. पण आपल्या आजी-पणजीचा नियम काय? दूर्वा कोवळी, तीन किंवा पाच पात्यांची, फुलोरा न आलेली. टोकाला बोटांसारखे बारीक तुरे फुटले असतील तर ती जुडीत घेऊ नका. नियम पाळलात की तुरेही टळले आणि परागही. केवड्याचं मात्र वेगळं आहे. त्याचं कणीस हलवलं की भुकटी उडते आणि वासही दणकट. घरात दम्याचं माणूस असेल तर कणीस आणू नका. पत्रीत केवड्याचं एक पान पुरतं. झेंडूला हात लावून कुणाच्या हाताला खाज सुटत असेल तर माळ त्याने ओवू नये, इतकंच.

तिसऱ्या वर्षी मी पुतण्याला म्हटलं, अंदाज पुरे, आता वही करूया. मुलाकडे फुंकर मारून श्वास मोजायचं प्लॅस्टिकचं यंत्र होतं, पीक फ्लो मीटर. आजार नसताना त्याचा उत्तम आकडा 220 येई. सकाळी उठल्यावर, रात्री झोपताना, आणि खोकला आला की लगेच, अशी फुंकर मारायची आणि बाजूला लिहायचं: कुठे होता, घरात काय चाललं होतं. चार दिवसांत वहीने तीन गोष्टी सांगितल्या. खोकं उघडल्याच्या रात्री आकडा 160. संध्याकाळच्या आरतीनंतर दहा मिनिटांत खोकला. आणि पहाटे, गादीवर, नाक चोंदलेलं. फुलांजवळ खेळत असताना आकडा हलला नाही.

220 चे ऐंशी टक्के म्हणजे 176. त्याच्या खाली आकडा गेला की सावधगिरीची पिवळी पट्टी सुरू होते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या पुढच्या पायरीची वेळ. 160 म्हणजे ती रेघ ओलांडलेली. आणि श्वास मोकळा करायच्या औषधाची त्याची निळी पिचकारी, तिला जोडायच्या स्पेसरच्या नळीसकट, कुठे होती म्हणाल? मुंबईच्या बॅगेत, बॅग माळ्यावर! आता ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते, घरातल्या सगळ्यांना ठाऊक. पिचकारीने आराम पडेना, पोराला एक वाक्य सलग बोलता येईना, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, तर आरती अर्धी सोडून 108 ला फोन करायचा.

आता खोक्याकडे येते, कारण मुख्य चोर तिथे आहे. जुन्या कापडात, गादीत, मखमलीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. आपल्या अंगावरून गळणारी कातडीची भुकटी हे त्यांचं अन्न, आणि पाणी? ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली की ते हळूहळू सुकून मरतात. मग कोकणातल्या भाद्रपदात काय करायचं! आपण हवा कोरडी करू शकत नाही. घराला शेवाळ चढलेलं, कपडे चार दिवस वाळत नाहीत. म्हणून आपल्याकडे एकच मार्ग राहतो: किड्यांना राहायला कापडच कमी ठेवायचं. मखमल, सॅटिनच्या चुण्या, कापसाचे ढग, कृत्रिम फुलांचे झुबके, यांत धूळ बसते आणि धुता येत नाही. ते बाहेर. त्याऐवजी पाठीमागे धुतलेली सुती नऊवारी ताणून लावा, बांबूची चौकट मोकळी ठेवा, पुढे आंब्याचे टाळे आणि ताजी फुलं.

ती साडी धुवायचीही एक रीत आहे. किडे मरायला पाणी साधारण साठ अंश गरम हवं. थर्मामीटर कुणाकडे असतो? अर्धी बादली उकळतं पाणी आणि अर्धी बादली साधं नळाचं, एकत्र केलं की आपल्या हवेत साठाच्या थोडं वरच येतं. लहान मुलं लांब ठेवून त्यात कापड अर्धा तास बुडवा, मग साबण, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. हे दोनदा काढणं महत्त्वाचं, कारण किडा मेला तरी त्रास देते ती त्याची विष्ठा, आणि ती धुऊनच जाते. नुसती इस्त्री फिरवून किडे मरतील, पण घाण तिथेच राहील. पक्क्या रंगाचं कापड घ्या, नाहीतर गणपतीच्या मागे फिक्कट ढग दिसतील. आणि मंडळी, कृपा करून चुलीवर धूर देत वाळवू नका. घरात सगळे असंच करतात, मीही केलंय. त्यापेक्षा पंख्याखाली वाळवून गरम इस्त्री करा.

खोकं मात्र पडवीतच उघडायचं, तेही पाहुणे यायच्या आधी, निदान आठ दिवस. नाकावर मास्क, हातात ओलं फडकं. केरसुणी नको, फुंकर नको, झटकणं तर मुळीच नको. दम्याचं माणूस घरात असेल तर त्याने त्या वेळी शेजारी जावं आणि दोन तास परतू नये, कारण उडालेली धूळ खाली बसायला वेळ घेते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर काळे किंवा हिरवट ठिपके दिसले तर खोकं जाळू नका, फेकून द्या. लाकडावर भुरा असेल तर साबणाच्या पाण्याने ओला असतानाच ब्रशने घासा, पुसा, लाकूड पंख्याखाली कोरडं करा. फिनेलची बाटली त्यावर ओतून घर दणाणून सोडायचं नाही. तो वासच काहींच्या छातीवर बसतो.

आणि कुबट वास आला की आपण काय करतो? सुगंधी फवारा मारतो. कुबट वास हा तुमच्यासाठी निरोप असतो की इथे ओल आणि बुरशी आहे. निरोप्याला अत्तर लावून काय मिळणार? ओल शोधा. मखराला तेलरंग द्यायचा असेल तर पंधरा दिवस आधी.

आता आरतीचा मुद्दा, जिथे माझं सासूबाईंशी खरं भांडण झालं. उदबत्तीचा एक ग्रॅम जळतो तेव्हा हवेत सुमारे 45 मिलिग्रॅम कण सुटतात. सिगारेटच्या एक ग्रॅमला हाच आकडा सुमारे 10 आहे. सासूबाईंना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. "धूप नसलो तर देवाक कळतला कसा?" असं त्यांनी विचारलं. मग तोड निघाली ती अशी. धुपाची वाटी अंगणात तुळशीपाशी, मुलगा घरात नसताना. आरतीला एकच उदबत्ती, तीही उघड्या खिडकीशी, निरांजनाची वात आखूड म्हणजे काजळी कमी, कापूर शेवटी एक वडी आणि ताट बाहेर नेऊन विझवायचं. पंखा देवाकडून माणसांकडे वारा टाकेल असा ठेवायचा नाही. आणि मुलाच्या हातात झांज देऊन त्याला दाराशी उभं करायचं, पायरीवर बसवायचं नाही.

धूर आणि सुगंध यांचा त्रास ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, श्वासनळीची चिडचिड असते. म्हणून अ‍ॅलर्जीच्या तपासणीत काही सापडलं नाही म्हणून त्या माणसाला खोटं ठरवू नका. वही बघा.

माटवीचं थोडक्यात. तवसं, दोडका, सुपारीचा शिपटा, नारळ, हे पाच-सात दिवस दमट हवेत टांगलेलं असतं. देठाशी काळं पडलं, फळ बोटाला मऊ लागलं की ते उतरवा. तेवढ्याने माटवी मोडत नाही. पाहुण्यांच्या गाद्यांबद्दल बोललेच नाही, पण पहाटेच्या चोंदलेल्या नाकाचं कारण तेच होतं. वर्षभर माळ्यावर पडलेली गादी. त्याला आता आम्ही चटईवर, गरम पाण्यात धुतलेली गोधडी अंथरून झोपवतो.

मागच्या वर्षी सहाव्या दिवशी विसर्जन झालं तोवर त्याचा आकडा एकदाही 190 खाली गेला नव्हता. तेरडा आणि हरण माटवीत परत आले. विसर्जनानंतर साडी धुऊन, इस्त्री करून, चौकट पुसून पुतण्याने सगळं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत भरलं, आणि झाकणावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पडवीतच उघडणे."