हातभर अंतरावरचा ठोसा

(आवाज : ठप्प.)

नमस्कार, श्रोतेहो. कुणाला तरी जोरात लागलं असं वाटलं ना? पिळलेल्या ओल्या पंचाची घडी उशीवर ठेवून तिच्यावर मी कोल्हापुरी चप्पल मारली. पंचा घरचा, चप्पल पायातली. समोर काचेपलीकडे बसलेली मंडळी मघापासून माझ्याकडे जरा जपून बघताहेत.

लघुपटांत आणि मालिकांत मी मारामाऱ्या बसवतो. सेटवर आम्हाला फाइट मास्टर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण माझा बराचसा दिवस जमिनीवर खडूने खुणा करण्यात जातो. आज मी फक्त एका ठोशाबद्दल बोलणार आहे.

प्रसंग साधा होता. जुन्या वाड्याची ओसरी, दोघे भाऊ, वाद शेताच्या बांधाचा. बोलता बोलता थोरला उजव्या हाताचा ठोसा धाकट्याच्या डाव्या गालावर मारतो, धाकटा भिंतीवर आदळतो आणि कट्ट्यावरचा पितळी पेला खाली पडतो. पडद्यावर हे सगळं चार सेकंदांत संपतं. आम्हाला त्याला अर्धा दिवस लागला.

हे जमतं कसं, ते तुम्हाला बसल्या जागी करून बघता येईल. गाडी चालवत असाल तर मात्र नको. एक डोळा मिटा, हात पुढे करा आणि अंगठा भिंतीवरच्या घड्याळावर धरा. अंगठा घड्याळाला टेकलाय की चार हात अलीकडे आहे, हे त्या एका डोळ्याला नीट ओळखता येत नाही. कॅमेरा असाच एकडोळ्या. त्याच्या नजरेच्या रेषेत मूठ आणि गाल एकामागे एक आले की ते भिडले, असं त्याला वाटतं आणि आपल्यालाही.

म्हणून कॅमेरा आम्ही धाकट्याच्या पाठीमागे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठेवला. तिथून थोरल्याचा चेहरा दिसतो आणि धाकट्याचं डोकं मागून. थोरल्याने हात बाजूने फिरवला की मूठ धाकट्याच्या डोक्याआड जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. आड असताना ती गालापासून किती लांब होती, ते प्रेक्षकाला कळायला मार्गच नाही. कॅमेरा थोरल्याच्या मागे ठेवूनही हे जमतं. तेव्हा मूठ धाकट्याच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसते आणि क्षणभर त्याचं नाक झाकते. नाक झाकलं गेलं पाहिजे, एवढंच मॉनिटरवर बघायचं. मूठ हनुवटीच्या खालून गेली तर ठोसा चुकला. आणि कॅमेरा दोघांच्या बाजूला नेऊन ठेवलात, तर मधली हातभर मोकळी जागा पोरंसोरंसुद्धा बोट दाखवून सांगतील.

ही युक्ती जुनी आहे. हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळात मारामारीत नट एकमेकांच्या खांद्यावर खरेच ठोसे मारायचे. खांदे सुजायचे आणि पडद्यावर ते दिसायचंही खोटं. 1930 च्या दशकात घोडेस्वारीच्या चित्रपटांत काम करणाऱ्या याकिमा कॅनट आणि जॉन वेन यांनी मूठ तोंडासमोरून नेण्याची आणि त्यानुसार कॅमेरा लावण्याची पद्धत रुळवली. आम्ही तिला पासिंग म्हणतो. कॅनटना पुढे 1967 मध्ये त्यांच्या स्टंटच्या कामासाठी मानाचं ऑस्करही मिळालं.

आता अंतर. थोरला पुढे झुकून हात पूर्ण लांबवतो, तेव्हाही मूठ आणि नाक यांत हातभर, म्हणजे दीड फूट जागा राहिली पाहिजे. नवशिक्यांना वाटतं, जवळून मारलं की खरं दिसतं. मी त्यांना आधी दूरवरून करायला लावतो आणि मॉनिटर दाखवतो. फरक शोधून सापडत नाही.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांची पंचाईत इथे होते. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद बघणारी, त्यामुळे आपण नकळत फार जवळ जाऊन उभे राहतो. समजा, कॅमेरा थोरल्याच्या मागे आहे, मूठ चार फुटांवर आहे आणि चेहरा साडेपाच फुटांवर. मग मूठ चेहऱ्याच्या मानाने जवळजवळ चाळीस टक्के मोठी दिसते आणि मधली जागा उघडी पडते. तेच मागे सरकून मूठ बारा फुटांवर आणि चेहरा साडेतेरा फुटांवर आला, की फरक बारा-तेरा टक्क्यांवर येतो. डोळ्याला तो जाणवत नाही. तेव्हा मागे सरका आणि दोन किंवा तीनपट झूमची लेन्स लावा. जागा कमी असेल तर ओसरीतून अंगणात उतरा. आम्ही तेच केलं.

अंतर जमलं तरी ठोसा फसतो, तो टायमिंगमध्ये. डोळ्यांनी पाहून अंग हलायला माणसाला सुमारे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चित्रपटात सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पाच फ्रेम झाल्या. मूठ तर दोन-तीन फ्रेममध्ये चेहऱ्यासमोरून निघूनही जाते. मूठ दिसली की मी मान फिरवीन, असं धाकट्याने ठरवलं, तर मूठ पार गेल्यावरही त्याचा चेहरा तसाच शांत दिसतो आणि मग एकदम वळतो. लोक हसतात. आमचा पहिला टेक असाच गेला.

म्हणून मोजून करायचं. एकला दोघांची नजर मिळते, दोनला थोरल्याचा खांदा मागे जातो, तीनला हात आणि मान एकदम. धाकटा मुठीकडे बघत नाही, खांद्याकडे बघतो. खांदा मागे गेला की त्याचं घड्याळ सुरू. आणि सुरुवात कुणी करायची? मार खाणाऱ्याने. तो पापणी मिटून तयार असल्याचं सांगतो, मगच दुसऱ्याचा हात निघतो. कुणी केस धरून ओढण्याचा प्रसंग असला तरी हाच नियम. धरणाऱ्याची मूठ नुसती डोक्यावर टेकलेली असते आणि ज्याचे केस ओढले जाताहेत, तोच दोन्ही हातांनी ती डोक्याशी दाबून धरतो आणि स्वतःच पुढे चालतो.

मान कशी फिरवायची, हेही शिकवावं लागतं. ठोसा गालावर म्हणून हनुवटी आधी वळते, तिच्यामागे खांदा, मग कमरेपासून तोल. मान एकटीच झटकली तर दिसतंही वाईट आणि पाच-सहा टेकनंतर ती धरते. मूठ कधी लागली नाही, पण मान आखडली म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसलेला नट मी पाहिलाय. तेव्हापासून तालीम निम्म्या वेगाने होते. पूर्ण वेग फक्त टेकला, आणि टेकही चारच्या पुढे नेत नाही.

टेक झाल्यावर तो फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघायचा. मूठ ज्या फ्रेमला नाकासमोर आली, त्याच किंवा पुढच्या फ्रेमला हनुवटी हललेली हवी. आधीच हलली तर धाकट्याने ठोसा चुकवला असं दिसतं, आणि ते एडिटरलाही सुधारता येत नाही. उशिराची गोष्ट वेगळी. एक-दोन फ्रेमचा उशीर असेल, तर तिथेच दुसऱ्या अँगलवर कट मारून तो लपतो.

एक चूक माझी स्वतःची. दुसऱ्या एका कामात दोन नटांनी आधीचा संवाद इतका जीव तोडून म्हटला, की मार खाणारा मुलगा रागाच्या भरात पाऊलभर पुढे आला. त्याला कळलं नाही, मलाही नाही. खडूची खूण होती, पण रडताना पायाखाली कोण बघतो? मूठ त्याच्या ओठाला चाटून गेली. समोरच्याच्या बोटात अंगठी होती, तीही मी काढायला लावली नव्हती. ओठ थोडक्यात वाचला. आता मी पावलापुढे लाकडाची पातळ पट्टी जमिनीला पक्की करतो, म्हणजे अंगठ्याला ती लागते आणि न बघता कळतं. संवाद आणि ठोसा यांत श्वासभर थांबायला लावतो. हा थांबा नंतर कापता येतो.

आणि मूठ सांभाळली तरी सामान विसरू नका. 1982 मध्ये बेंगळुरूला ‘कुली’च्या मारामारीत अमिताभ बच्चन जिवावर बेतेल इतके जखमी झाले. तेव्हा त्यांच्या पोटाला टेबलाचा कोपरा लागला होता. आमच्या ओसरीत कट्ट्याची कड दगडी होती. धाकटा जिथे आदळणार, तिथे आम्ही चटई आणि गादीचा तुकडा लावला आणि चौकट थोडी वर धरली, म्हणजे गादी दिसणार नाही.

आता आवाज, ज्यासाठी मी पंचा घेऊन आलोय. सेटवर त्या ठोशाचा आवाज काहीच नसतो, नुसती कपड्यांची सळसळ. खरा ठोसा तरी कुठे मोठा वाजतो? पण कान भरल्याशिवाय डोळा विश्वास ठेवत नाही. म्हणून आम्ही तीन थर लावतो. पहिला हवेचा. वेताची बारीक काठी माइकपासून दोन फुटांवर फिरवायची.

(आवाज : सूंऽऽ.)

दुसरा मारण्याचा, तो तुम्ही सुरुवातीला ऐकलात. चप्पल कातड्याची म्हणून चटका येतो, पंचा ओला म्हणून मांसल वाटतं, आणि खालच्या उशीमुळे धप्प येतं. कानाखाली वाजवायची असेल तर उशी काढून पंचा फरशीवर ठेवा. पोटातला ठोसा असेल तर उलट, नुसती उशी आणि मूठ. तिसरा थर जपून वापरायचा. हाड मोडल्यासारखं ऐकवायला परदेशात सेलरीचे देठ मोडतात, मी शेवग्याची ताजी शेंग मोडतो.

(आवाज : कट्‌.)

भावाभावांच्या भांडणात हा तिसरा थर मी लावला नाही. तो लावला की प्रेक्षक जबडा तुटला का बघतो आणि बांधाचं भांडण विसरतो. जुन्या हिंदी सिनेमातलं ढिशूमही इथे चालत नाही.

आवाज नेमका कुठे बसवायचा? मूठ नाकासमोर आली त्या फ्रेमला, किंवा एक फ्रेम मागाहून. आधी कधीच नाही, कारण आयुष्यात आपण दृश्याआधी आवाज ऐकलेला नसतो. आणि ठोशाच्या अगदी आधी ओसरीवरचे सगळे आवाज, चिमण्या, दूरचा ट्रॅक्टर, दोन-तीन फ्रेमपुरते बंद करायचे. ती पोकळी कुणाच्या लक्षात येत नाही, पण तिच्यानंतर आलेला ठप्प दुप्पट वाटतो.

आता डोळे मिटा. चिमण्या ऐका, धाकट्याचा श्वास ऐका. थोरला बोलायचा थांबलाय.

(आवाज : चिमण्या. श्वास. क्षणभर शांतता. सूंऽऽ. ठप्प. दबका हुंकार. भिंतीला पाठ. पितळी पेला गडगडत जातो आणि थांबतो.)

पेला खराच पडला होता. नमस्कार.