आउटलुकमधला रूल चालत नसेल, तर त्याच्या वरचा रूल पाहा

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे: "रूल बरोबर बनवला आहे, समोर टिकही आहे, तरी मेल भलत्याच फोल्डरमध्ये जातो. असे का?" रूल कसा बनवायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते सोडून देतो. आज फक्त क्लासिक आउटलुकमधल्या रूलच्या क्रमाविषयी बोलतो, कारण मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच निघाले.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसमधले उदाहरण घेऊ. तिथल्या मुलाने कोल्हापूरच्या एका ग्राहकाकडून येणारे सर्व मेल 'कोल्हापूर' या फोल्डरमध्ये टाकणारा रूल बनवला होता. दुसरा रूल असा होता की, विषयात Amendment हा शब्द असेल तर मेल 'तातडीचे' या फोल्डरमध्ये जावा, कारण ऑर्डरमधला बदल ओतकाम सुरू होण्याआधी कळायला हवा. एके दिवशी त्याच ग्राहकाने नगांची संख्या कमी केली, तो मेल 'कोल्हापूर'मध्ये पडून राहिला आणि साचे जुन्या संख्येप्रमाणे ओतले गेले. मुलगा मला म्हणाला, "दादा, हा दुसरा रूल बिघडलाय." रूल बिघडलेला नव्हता, त्याची पाळीच आली नव्हती.

आउटलुक रूलची यादी वरून खाली वाचते. 'कोल्हापूर'चा रूल वर होता आणि त्यात "stop processing more rules" ही ओळ होती. ती त्या मुलाने घातलेली नव्हती. "Move messages from someone to a folder" हा तयार नमुना निवडला की ती ओळ आपोआप येते, आणि बहुतेकांचे तिच्याकडे लक्षच जात नाही. या ओळीचा अर्थ इतकाच की, मेल या रूलच्या अटींत बसला तर खालचे रूल त्या मेलला लागू करायचे नाहीत. अट जुळली नाही तर ही ओळ काहीच थांबवत नाही. म्हणूनच दुसऱ्या ग्राहकाचे Amendment मेल बरोबर 'तातडीचे'मध्ये जात होते आणि फक्त कोल्हापूरचे चुकत होते. रूल काही मेलसाठी चालतो आणि काहींसाठी नाही, असे दिसले की आधी वरच्या रूलवर संशय घ्यावा.

याची खात्रीही करता येते. "Rules and Alerts" उघडा, "Run Rules Now" दाबा, फक्त न चालणारा रूल निवडा आणि तो मेल जिथे पडला आहे ते फोल्डर निवडून चालवा. एकट्याने चालवल्यावर मेल हलला, तर अटी बरोबर आहेत आणि दोष क्रमाचा आहे.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट सांगतो. अनेकजण कमेंटमध्ये सल्ला देतात की, रूल काढून टाका आणि नवा बनवा, मग चालतो. चालतो हे खरे आहे, पण कारण वेगळे आहे: क्लासिक आउटलुक नवा रूल यादीच्या सर्वांत वर ठेवते. म्हणजे तुम्ही रूल दुरुस्त केला नाही, नकळत त्याची जागा बदलली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ग्राहकासाठी रूल बनवाल, तो याच्या डोक्यावर जाऊन बसेल आणि तीच तक्रार पुन्हा सुरू होईल. यादीशेजारच्या वर-खालीच्या बाणांनी जे दोन क्षणांत होते, त्यासाठी रूल पुसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा सल्ला असतो की, ती ओळ सगळ्या रूलमधून काढून टाका. तसे केले तर दोन्ही रूल जुळतात आणि एकाच मेलच्या प्रती दोन फोल्डरमध्ये पडतात. मग एकाने एका प्रतीला उत्तर दिलेले असते आणि दुसरी प्रत न वाचलेली दिसत राहते. त्याऐवजी अरुंद अटीचा रूल वर ठेवा, रुंद अटीचा खाली ठेवा आणि मेल हलवणाऱ्या दोन्हींत ती ओळ राहू द्या. आपल्या उदाहरणात Amendment वर गेला, 'कोल्हापूर' खाली आला, आणि काम झाले. जो रूल मेल न हलवता फक्त रंगीत कॅटेगरी लावतो, तो या दोघांच्याही वर ठेवा. त्यात मात्र ती ओळ नको.

बाणांचाही एका ठिकाणी उपयोग होत नाही. ऑफिसचा मेल एक्स्चेंज सर्व्हरवर असेल आणि रूलच्या नावापुढे client-only असे दिसत असेल, तर तो रूल आउटलुक उघडे असतानाच चालतो, आणि सर्व्हरवरचे रूल आटोपल्यावरच त्याची पाळी येते. तुमच्या संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये मेल हलवणारा रूल या प्रकारचा असतो. तो यादीत पहिला ठेवला तरी सर्व्हरवरच्या रूलच्या आधी चालणार नाही. त्याला मेलबॉक्समधलेच फोल्डर द्यावे लागेल.

प्रश्न विचारताना फक्त न चालणारा रूल लिहू नका. वरपासून खालपर्यंतची यादी लिहा आणि कोणत्या रूलमध्ये ती थांबवणारी ओळ आहे हेही सांगा. तेवढ्यावरून मला उत्तर देता येईल.