कुकर दादाकडे

(भांडुप. रात्री साडेनऊ. अरुंद जिन्यावरून कॅमेरा घरात येतो.)

आई, बाबा, आजी, दहावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी, अशी पाच माणसं या दीड खोलीत राहतात. जेवणं आत्ताच उरकलीत. मुलगा ताटातच हात धुऊन मोबाईल घेऊन खिडकीशी जाऊन बसलाय. बहीण आधी स्वतःचं ताट उचलते, मग दादाचं, मग बाबांचं. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. दादालाही 'तू बस' असं कुणी म्हटलेलं नाही. रोज पाहून पाहूनच दोघं आपापल्या जागी बसलीत.

हे चित्रण आधीचं आहे. या घरात पुढे बरंच काही हललं. काय हललं आणि काय अडून राहिलं, ते आपण पाहू.

आजीला विचारलं तर ती ठामपणे सांगते, "आमचा नातू कामाचा आहे हो." यात खोटं काही नाही. दळण तो आणतो, सिलिंडर आला की आत घेतो, माळ्यावरचं सामान काढून देतो. पण दळण दहा-पंधरा दिवसांतून एकदा आणि सिलिंडर महिन्या-दीड महिन्यातून. बहिणीच्या वाट्याला सकाळी नळ आला की पाणी भरणं, संध्याकाळी केर, रात्री भांडी. ही कामं रोजची, त्यांना सुट्टी नाही. त्याचं काम सगळ्यांना दिसतं, शाबासकीही मिळते. तिचं काम राहून गेलं तरच दिसतं.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारचं २०२४ चं वेळवापर सर्वेक्षण सांगतं की घरकाम करणाऱ्या बायका-मुली त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष-मुलगे ८८ मिनिटं. यात सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची मोजणी होते. ज्या पुरुषांनी त्या दिवशी कशालाच हात लावला नाही, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

(फ्रिजवर चिकटवलेला वहीचा कागद.)

आई दादरला साड्यांच्या दुकानात उभ्यानं काम करते. घरी यायला साडेआठ वाजतात. तिनं सुरुवात भाषणानं केली नाही. आठवडाभर फ्रिजवर कागद लावला. ज्यानं काम केलं त्यानं पुढे सही करायची, एवढंच. कागदावर तिनं हातांची कामं लिहिलीच, डोक्यातलीही लिहिली: तूरडाळ संपत आलीय हे बघणं, गॅसचा नंबर लावणं, युनिफॉर्म उद्या लागणार म्हणून आजच भिजवणं. रविवारी बाबांनी कागद वाचला. मुलाची सही एकदाच होती, दळणापुढे. बाबांची कुठेच नव्हती.

इथे बरेच आईबाप एक गोष्ट करतात, ती फसते. मुलाला सांगतात, "ताईला जरा हातभार लाव." मग सांगेपर्यंत तो हलत नाही आणि सांगायचं काम बहिणीच्या गळ्यात पडतं. या आईनं वेगळं केलं. रात्रीचा वरणभाताचा कुकर त्याच्याकडे दिला आणि अख्खाच दिला. डाळ-तांदूळ संपत आले हे ओळखणं, वाण्याकडून आणणं, कुकर लावणं आणि जेवणानंतर तो घासून पालथा घालणं, सगळं त्याचं. बहिणीनं आठवण करायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

(ओटा. कुकर जवळून.)

पहिले तीन दिवस बाबा शेजारी उभे राहिले. स्वयंपाक त्यांनाही फारसा येत नव्हता, दोघं मिळून शिकले म्हणा. कुकरच्या तळाशी दोन बोटं पाणी. खालच्या डब्यात डाळ, पाणी आणि हळद-हिंग घालून. वरच्या डब्यात धुतलेला तांदूळ, वाटीला दोन वाट्या पाणी. तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही.

चौथ्या दिवशी तो एकटा होता. दहा मिनिटं झाली तरी शिट्टी होईना. मग कुकर तापल्याचा करपट वास येऊ लागला. तळाचं पाणी घालायलाच विसरला होता. आजी उठली, तिला आईनं बसवलं. त्यानं गॅस बंद केला, कुकर गार होऊ दिला, पाणी घालून पुन्हा लावला. जेवायला सव्वादहा वाजले. सगळे भुकेले होते, कुणी टोमणा मारला नाही आणि कुणी कौतुकही केलं नाही. माझ्या मते न केलेलं कौतुक जास्त महत्त्वाचं. मुलीनं चार वर्षं केर काढला तेव्हा टाळ्या वाजल्या नव्हत्या.

खरी ओढाताण पुढच्या आठवड्यात झाली. त्यानं घासलेल्या कुकरला कडेनं डाळ चिकटलेली असायची. आईचा हात शिवशिवायचा. तो झोपला की ती गुपचूप पुन्हा घासायची. हे दोनदा झालं आणि तिसऱ्या रात्री त्यानं कुकर नुसता विसळून ठेवला. आई घासतेच, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मग तिनं हात आवरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चिकट डबा त्यालाच खरवडावा लागला.

दोन महिन्यांनी आजीनं दहावीचा मुद्दा काढला. "पोराचं वर्ष आहे, सोडा त्याला." बाबांनी विचारलं, हिची सहामाही परीक्षा होती तेव्हा पाणी कुणी भरलं? आजी गप्प बसली. शेवटी असं ठरलं की ज्याची परीक्षा असेल त्याचं काम तेवढे दिवस बाबांकडे. नियम दोघांना एकच. बाबांनी याआधीच स्वतःचं ताट उचलायला आणि सकाळचं पाणी भरायला सुरुवात केली होती. ते नसतं तर मुलानं दुसऱ्या आठवड्यातच विचारलं असतं, बाबा का नाही करत? आणि त्याचं काही चुकलं नसतं.

मुलीकडे आता केर राहिला आणि भांडी एक दिवसाआड, मधल्या दिवशी दादाची. सकाळचा वेळ मोकळा झाला, तेव्हा आजी म्हणाली, "रिकामी आहेस तर चपात्या लाटायला शीक." हा सापळा अनेक घरांत असतो. मुलीचा मोकळा वेळ लगेच दुसऱ्या कामानं भरला जातो. आईनं तिला झोपू दिलं. चपात्या शिकायच्याच तर रविवारी दोघांनीही, असं ठरलं. दादाचा पहिला नकाशा श्रीलंकेसारखा आला, हिचाही काही गोल नव्हता.

(गणपतीचे दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं.)

बाहेरची माणसं आली की जुनी घडी परत बसते. काका आत येता येताच म्हणाले, "ए बाळा, पाणी आण गं." मुलगी सवयीनं उठली. बाबा म्हणाले, "बस तू, दादा आणतोय." दादा ट्रे घेऊन आला. मावशीनं त्याची पाठ थोपटली, "किती गुणी गं पोरगा!" बहिणीनं आईकडे पाहून डोळे फिरवले.

सगळं जमलंय असं नाही. बाथरूम धुणं अजून आईकडेच आहे. फ्रिजवरच्या नव्या कागदावर ते काम लिहिलंय, पुढची जागा रिकामी आहे. मुलगा म्हणतो बाबांनी घ्यावं, बाबा म्हणतात पाळी लावू. हा वाद येत्या रविवारी पुन्हा होणार आहे, चपात्यांच्या वेळी.